रेट सगळ्यात शेवटी: टाइमग्राफरची पट्टी कशी वाचायची

घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची चाल मोजणारं यंत्र म्हणजे टाइमग्राफर. तो नवा आणलेला माणूस पहिल्या दिवशी एकच आकडा बघतो: घड्याळ रोज किती सेकंद पुढे जातंय किंवा मागे पडतंय. तो आकडा शून्यावर आणायला तो घड्याळाच्या आतला, चाल कमी-जास्त करणारा रेग्युलेटरचा काटा सरकवतो, आणि महिन्याभरात तेच घड्याळ पुन्हा त्याच्या टेबलावर येतं. मीही सुरुवातीला हेच केलंय. पट्टीवर तीन आकडे असतात, आणि ते ज्या क्रमाने छापलेले असतात त्याच्या जवळजवळ उलट क्रमाने वाचायचे असतात. आधी ॲम्प्लिट्यूड, मग बीट एरर, आणि रेट, म्हणजे तो रोजच्या सेकंदांचा आकडा, सगळ्यात शेवटी. असं का, ते एका घड्याळावरून सांगतो.

अमळनेरचे एक आबा जळगावला माझ्याकडे त्यांची एचएमटी जनता घेऊन आले. हाताने चावी भरायचं, साधं, दणकट घड्याळ. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूला सुरू झाला, आणि आपल्याकडे त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनगटावर हीच घड्याळं दिसायची. आबा म्हणाले, "भाऊ, हाई घडी रोज मांगे पडस, काटा थोडा पुढे करी दे." वर हेही सांगितलं, की सकाळी चावी भरली तरी घड्याळ आपोआप चालू होत नाही, हाताला एक झटका द्यावा लागतो. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मायक्रोफोनवर ठेवण्याआधी

टाइमग्राफर घड्याळाचे काटे बघत नाही, तो फक्त टिकटिक ऐकतो. त्यामुळे आजूबाजूचा आवाज आणि हादरे हे त्याचे शत्रू. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि दुकानात कूलर बंद करायचं कोणी नाव काढत नाही. पण कूलर त्याच टेबलाला टेकलेला असेल, तर पट्टीवर रेघ उमटत नाही, मोहरी सांडल्यासारखे ठिपके उमटतात. मी रीडिंग घेताना दोन मिनिटं कूलर बंद ठेवतो आणि मायक्रोफोनच्या स्टँडखाली जुन्या माउसपॅडचा तुकडा ठेवतो. एवढ्यावर भागतं.

चावी पूर्ण भरा. अर्धवट भरलेल्या घड्याळाचं ॲम्प्लिट्यूड कमीच येणार, आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसाल. चावी भरल्यावर दहा-पंधरा मिनिटं घड्याळ चालू द्या, मग डायल वर करून क्लिपमध्ये धरा. चावीचं टोक मायक्रोफोनच्या धातूच्या बाजूला टेकलं पाहिजे, आवाज तिथून चांगला जातो. प्रत्येक वेळी घड्याळाची बाजू बदलली, की निदान अर्धा मिनिट थांबा. आतल्या झोके घेणाऱ्या चाकाला, म्हणजे बॅलन्स व्हीलला, नव्या स्थितीत स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. त्याआधीचे ठिपके जमेला धरू नका.

टाइमग्राफरला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली म्हणजे तासाला किती ठोके. जनताचं मशीन तासाला १८००० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला पाच. हे बहुतेक टाइमग्राफर स्वतःच ओळखतात, पण मळलेल्या घड्याळावर चुकतातही. रेट अचाट आला किंवा रेघ एकदम उभी चढली, तर आधी हा आकडा तपासा. दुसरी गोष्ट लिफ्ट अँगल, त्याचं पुढे येईल.

दोन रेघा

पट्टीवर प्रत्येक ठोक्याला एक ठिपका पडतो. 'टिक'ची एक रेघ होते, 'टॉक'ची दुसरी. रेघा वर चढत असतील तर घड्याळ पुढे जातंय, खाली उतरत असतील तर मागे पडतंय. चढ जितका उभा, तितका फरक मोठा. रेघ कागदाच्या काठाला लागली, की दुसऱ्या काठावरून पुन्हा सुरू होते. नवख्याला वाटतं काहीतरी तुटलं, पण ती तीच रेघ असते.

दोन रेघांमधलं अंतर म्हणजे बीट एरर. आणि रेघ गुळगुळीत आहे, लाटेसारखी आहे की विस्कटलेली आहे, यावरून आतली तब्येत कळते. जुन्या कागदी यंत्रांवर आकडे छापलेले नसायचे. समांतर रेघा असलेली फिरती चकती ठिपक्यांच्या रेघेवर जुळवायची आणि कडेच्या मापावर रेट वाचायचा. ॲम्प्लिट्यूड अशा यंत्रांवर मिळतच नसे. हल्लीच्या मशीनवर सगळे आकडे मिळतात म्हणून लोक रेघेकडे बघतच नाहीत. मी आधी रेघ बघतो.

आबांच्या घड्याळाची डायल वर असतानाची ओळ अशी होती:

```
-038 s/d   196°   3.2 ms   18000
```

चावी खाली करून घड्याळ उभं धरल्यावर:

```
-071 s/d   165°   3.8 ms   18000
```

रेघा दोन्ही वेळा खाली उतरणाऱ्या, एकमेकींपासून लांब आणि किंचित विस्कटलेल्या.

पहिलं पाऊल: ॲम्प्लिट्यूड

बॅलन्स व्हील मधल्या विश्रांतीच्या जागेपासून एका बाजूला किती अंश झोका घेतं, ते ॲम्प्लिट्यूड. झोपाळ्याला जोर मिळाला की तो उंच जातो, तसंच. चावीच्या कमानीतला जोर सगळ्या चाकांतून, त्यातल्या शेवटच्या एस्केप व्हीलमधून आणि बॅलन्सला ढकलणाऱ्या पॅलेट फोर्कमधून बॅलन्सपर्यंत येतो. वाटेत घाण असेल, तेल सुकलेलं असेल, कमान थकलेली असेल, तर झोका लहान होतो. म्हणून हा आकडा घड्याळाच्या तब्येतीचा असतो.

पूर्ण चावी भरून, डायल वर असताना धडधाकट घड्याळ साधारण २७० ते ३१० अंशांत चालतं. उभं धरल्यावर ते वीस-चाळीस अंशांनी उतरतं, कारण आता बॅलन्सची धुरी टोकावर न फिरता कडेवर घासते. जुन्या घड्याळाचं डायल वर असताना २५० आलं, तरी मी तक्रार करत नाही. दोनशेच्या खाली मात्र सर्व्हिसिंगला पर्याय नाही. आबांचं १९६ होतं आणि उभं धरल्यावर १६५. पट्टीवरचं पुढचं काही वाचण्यात तिथेच अर्थ संपला.

हा आकडा टाइमग्राफर मोजत नाही, हिशोब करून काढतो, आणि नवख्यांची फसगत इथेच होते. एका 'टिक'मध्ये खरं तर तीन बारीक आवाज असतात. पहिला आवाज बॅलन्सचा खडा फोर्कला लागल्याचा, शेवटचा एस्केप व्हीलचा दात पॅलेटवर आपटून आणि फोर्क कडेला टेकून थांबल्याचा. या दोन आवाजांमधल्या काळात बॅलन्स एक ठरावीक कोन फिरतं, तो लिफ्ट अँगल. तो कोन पार करायला किती कमी वेळ लागला, म्हणजे बॅलन्स किती वेगात होतं, यावरून झोका काढला जातो. म्हणजे लिफ्ट अँगल चुकीचा दिला, तर ॲम्प्लिट्यूड चुकीचं येणार. खरा कोन ५० असताना टाइमग्राफरवर नेहमीचा ५२ ठेवला, तर खरं २७० असलेलं ॲम्प्लिट्यूड २८१ दिसेल. रेट आणि बीट एररला यामुळे काही होत नाही.

घड्याळाचा लिफ्ट अँगल माहीत नसेल, तर डोळ्याने शोधता येतो. मागचं झाकण उघडा, चावी अगदी थोडी भरा आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घेत बॅलन्सचे दांडे बघा. झोका बरोबर १८० अंशांचा असतो तेव्हा डाव्या आणि उजव्या टोकाला दांडे एकाच जागी येऊन थांबतात, त्यामुळे तिथे ते क्षणभर स्थिर आणि ठळक दिसतात. चावी एकेक टिचकी भरत ही स्थिती गाठा, आणि टाइमग्राफरवर १८० येईपर्यंत लिफ्ट अँगलचा आकडा बदला. जो येईल तो त्या घड्याळाचा. एकदा काढून वहीत लिहून ठेवा. थोड्या फरकाने निदान बदलत नाही हेही खरं. १९६ च्या जागी १९० आलं असतं, तरी आबांचं घड्याळ उघडावंच लागलं असतं.

उघडलं. तेल सुकून पिवळट डिंकासारखं झालेलं, आणि तिसऱ्या चाकाच्या दातांत कापसाचा एक तंतू. आबांचं अर्धं आयुष्य जिनिंगच्या आवारात गेलेलं, त्यामुळे त्याचं नवल वाटलं नाही. तंतू ब्रशने निघाला, बाकी सगळं सोडवून धुतलं, तेल दिलं. रेग्युलेटरच्या काट्याला बोटही लावलं नाही. मग पुन्हा पट्टी काढली:

```
+012 s/d   272°   2.3 ms   18000
```

रेट बघा. रोज ३८ सेकंद मागे पडणारं घड्याळ १२ सेकंद पुढे जायला लागलं, आणि काटा जिथल्या तिथे आहे. पहिल्या दिवशी मी आबांचं ऐकून काटा ३८ सेकंदांनी पुढे केला असता, तर आता घड्याळ रोज पन्नास सेकंद पुढे गेलं असतं. माझ्याआधी कोणीतरी तसं केल्याच्या खुणा काट्याच्या टोकावर होत्या, चिमट्याचे ओरखडे.

दुसरं पाऊल: बीट एरर

टिक ते टॉक आणि टॉक ते टिक ही दोन अंतरं सारखी असायला हवीत. ती सारखी नसतील, तर त्यांच्या फरकाचा निम्मा भाग टाइमग्राफर मिलिसेकंदांत दाखवतो. कारण सरळ आहे. हेअरस्प्रिंग, आपल्या जुन्या कारागिरांची बालकमानी, मोकळी असताना खडा जिथे थांबतो, ती जागा फोर्कच्या बरोबर मध्ये असायला हवी. ती एका बाजूला सरकलेली असेल, तर बॅलन्स त्या बाजूला लवकर येतं आणि दुसऱ्या बाजूला उशिरा.

आता वरच्या तीन ओळींतला बीट एरर एकत्र बघा: १९६ अंशांवर ३.२, १६५ वर ३.८, २७२ वर २.३. आत कुणी काही सरकवलेलं नाही, तरी आकडा बदलला. कोन तोच आहे, पण झोका मोठा असला की बॅलन्स मधल्या भागातून वेगाने जातं, त्यामुळे तेवढाच कोन कमी वेळात पार होतो. मळलेल्या घड्याळावर बीट एरर दुरुस्त करायला बसू नये, याचं हेही एक कारण. हिशोब केला तर २७२ अंशांवरचे २.३ मिलिसेकंद म्हणजे फक्त पाच अंशांच्या आसपासचं सरकणं. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढं.

आणि सकाळचा झटका? तोही यामुळेच. खडा मधोमध नसेल, तर थांबलेल्या घड्याळात फोर्क एका कडेला कललेला असतो आणि नव्याने भरलेल्या चावीचा कमी जोर बॅलन्सला ढकलायला पुरत नाही. आबांनी सांगितलेल्या दोन तक्रारींत ही जास्त कामाची होती.

०.५ मिलिसेकंदाच्या आत असेल तर मी हात लावत नाही. जुन्या घड्याळात १ पर्यंत चालवून घेतो. त्यापुढे सुधारायचं. कसं, ते मशीन उघडून बघितल्यावर ठरतं. बालकमानीचं बाहेरचं टोक ज्या खुंटीत अडकवलेलं असतं ती खुंटी सरकत्या दांडीवर असेल, तर काम सोपं: दांडी केसभर सरकवा, थांबा, रेघा बघा. जवळ आल्या तर दिशा बरोबर, लांब गेल्या तर उलटी. कोणत्या बाजूला सरकवायचं हे टाइमग्राफर सांगत नाही. चावीचा जोर पूर्ण काढून फोर्क कुठल्या कडेकडे कलतोय ते बघितलं, तर अंदाज आधीच येतो. एक सावधगिरी: रेग्युलेटरचा काटा आणि खुंटीची दांडी शेजारी-शेजारी असतात. चुकून काटा हलवला तर रेट उडतो आणि दोष बीट एररला लागतो.

खुंटी पक्की असेल, आणि पुष्कळ जुन्या मशीनमध्ये ती तशीच असते, तर बॅलन्स बाहेर काढून धुरीवरची छोटी कडी फिरवावी लागते. तिच्यात एक चीर असते, त्यात बारीक पातं घालून अगदी थोडी फिरवायची, बॅलन्स परत बसवायचं, पट्टी काढायची, नाही जमलं तर पुन्हा. पातं निसटलं तर बालकमानी वाकते आणि मग आधीचे २.३ मिलिसेकंद बरे म्हणायची वेळ येते. पहिल्या दहा घड्याळांत हे करू नका, भंगारातल्या मशीनवर सराव करा. आबांच्या घड्याळाला मला तीन फेऱ्या लागल्या. शेवटी ०.३ वर आलं, दोन रेघा जवळजवळ एकावर एक.

मधेच, लाटेबद्दल

रेघ सरळ न जाता वर-खाली लाटा घेत असेल, तर दुसरं घड्याळ हातात घेऊन दोन लाटांमधला वेळ मोजा. एस्केप व्हीलला सहसा पंधरा दात असतात आणि एका दाताला दोन ठोके, म्हणजे तीस ठोक्यांत एक फेरी. १८००० च्या मशीनमध्ये ते सहा सेकंद होतात. दर सहा सेकंदांनी तीच उसळी येत असेल, तर दोष एस्केप व्हीलवर, बहुधा एकाच दातावर. मिनिटाला एकदा येत असेल, तर सेकंदाच्या काट्याचं चाक बघा. एकदा असा सहा सेकंदांचा उंचवटा दिसला, भिंगाखाली बघितलं तर एकाच दातावर सुकलेल्या तेलाचा कण होता. मशीन पूर्ण न सोडवता नेमकं कुठे बघायचं ते कागदाने सांगितलं.

रेट अचानक मिनिटांनी पुढे गेलेला असेल, तर चुंबकत्व आलंय का बघा. मॅग्नेटच्या झाकणाच्या मोबाइल कव्हरवर रात्रभर ठेवलेलं घड्याळ असं वागतं. बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात, तेवढी कमान आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ पळत सुटतं. डिमॅग्नेटायझरवरून फिरवलं की बहुतेक वेळा ताळ्यावर येतं.

तिसरं पाऊल: रेट

आता काटा हलवायचा. पण एकाच स्थितीत बघून नाही. बीट एररसाठी बॅलन्स काढून बसवल्यामुळे रेटही थोडा बदलला होता, म्हणून सुरुवातीचे आकडे विसरून चारही बाजूंनी पुन्हा मोजलं, काटा हलवला आणि परत मोजलं. काटा हलवणं म्हणजे किती? डोळ्याला हललेला दिसला, तर बहुधा जास्त झाला. टोकाला काडीने टेकवून दाब द्यायचा, आणि पट्टीवर रेघेचा उतार बदलतो का ते बघायचं.

शेवटी आबांचं घड्याळ असं ठेवलं: डायल वर +१४, डायल खाली +१६, चावी खाली −४, चावी डावीकडे +२. उभ्या स्थितीत ॲम्प्लिट्यूड २३६. चोवीस तासांनी, चावी न भरता पुन्हा बघितलं तेव्हा डायल वर असताना २३१ होतं आणि रेट +९. म्हणजे जोर उतरल्यावरही घड्याळ बिथरत नाही.

डायल वर असताना +१४ का ठेवलं, शून्य का नाही? कारण घड्याळ दिवसभर हातावर असतं आणि तिथे ते बहुतेक उभं-आडवं असतं. डायल वर शून्य केलं असतं, तर चावी खाली असताना ते १८ सेकंदांनी मागे पडलं असतं. हिशोब असा केला: आबा रात्री आठ तास घड्याळ फळीवर डायल वर करून ठेवतात, त्यात पाचेक सेकंद पुढे. उरलेले सोळा तास हातावर, तिथे डायल वर, चावी खाली आणि चावी डावीकडे या तिन्ही स्थितींची सरासरी +४ धरली, तर तीनेक सेकंद. मिळून रोज सात-आठ सेकंद पुढे.

आठवड्याने आबांचा फोन आला. झटका द्यावा लागत नाही, पण घड्याळ जवळपास मिनिटभर पुढे गेलंय. कागदावरचा अंदाज एक्कावन्न सेकंदांचा होता. घड्याळ परत आणू नका म्हटलं, रात्री ते डायल वर करून ठेवण्याऐवजी पट्टा बंद करून चावी खाली येईल असं कुशीवर उभं ठेवा. त्या स्थितीत ते आठ तासांत पाच सेकंद पुढे जाण्याऐवजी सव्वा सेकंद मागे पडतं, आणि आठवड्याचा कागदावरचा फरक एक्कावन्न सेकंदांवरून नऊ-दहा सेकंदांवर येतो.